तेल उतरले, आता विमान कंपनीचे शेअर डोळे मिटून घ्या

कच्चे तेल उतरले की विमान कंपन्यांचे शेअर घ्यावेत आणि चढले की विकावेत, हा नियम आपल्याला पाठ असेल तर पुढे वाचण्याची खरे म्हणजे गरज नाही. इंधन हा विमान कंपनीच्या एकूण खर्चाचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा असतो, एवढे ध्यानात ठेवावे आणि त्यापुढे विचार करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

तेलाचा भाव नेहमी डॉलरमध्येच वाचावा. तेल आयात करणाऱ्या देशातली कंपनी बरीचशी तिकिटे देशी चलनात विकते, पण इंधनाचा भाव, विमानांचे भाडे आणि सुट्या भागांची किंमत डॉलरमध्ये ठरते. असले तपशील हिशेबनिसांवर सोपवलेले बरे. समजा एखाद्या कंपनीचे उत्पन्न १०० आणि खर्च ९६ आहे. त्या खर्चात इंधनाचे ३०, तर भाडे व देखभालीचे डॉलरमधले २० आहेत. तेल ८० डॉलरवरून १०० डॉलरवर गेले आणि विमानाचे इंधनही त्याच प्रमाणात महागले, तर इंधनाचा खर्च साडेसदतीस होतो आणि ४ चा नफा जाऊन साडेतीनचा तोटा येतो. आपला हिशेब इथेच थांबवावा, कारण पुढची ओळ त्रासदायक आहे. तेलाचे बिल फुगले की शुद्धीकरण कंपन्या जास्त डॉलर मागू लागतात, व्यापारातली तूट वाढते, आणि ती वाढणार हे ताडून परदेशी गुंतवणूकदार आधीच बाहेरची वाट धरतात. यातून डॉलर फक्त पाच टक्के महागला, तरी इंधन सुमारे ३९.४ वर आणि डॉलरमधला बाकी खर्च २१ वर जातो, म्हणजे तोटा साडेतीनऐवजी सुमारे ६.४ होतो. तेलाने जखम केली आणि विनिमय दराने ती जवळजवळ दुप्पट केली, तरी दोष मात्र तेलालाच द्यावा, म्हणजे नियम अबाधित राहतो.

युरोपातल्या कंपन्यांकडे तर बघूच नये. जुलै २००८ मध्ये तेल सुमारे १४७ डॉलरला पोहोचले, तेव्हा एक युरो जवळपास १.५८ डॉलरचा होता, म्हणजे बॅरलला साधारण ९३ युरो पडत होते. जून २०२२ मध्ये तेल १२३ डॉलरच्या आसपास, म्हणजे चांगले स्वस्त होते, पण युरो १.०७ डॉलरवर घसरलेला असल्याने तेच बॅरल ११५ युरोंना पडले. डॉलरचा आलेख बघून आनंद मानण्याचे स्वातंत्र्य आपल्याला आहेच.

महागाईची चिंता तर अजिबात नको. ज्या देशांत पेट्रोलवर प्रतिलिटर ठरावीक कर असतो, तिथे तेल पंचवीस टक्के चढले तरी पंपावरचा भाव त्याहून बराच कमी टक्क्यांनी वाढतो, आणि तेवढ्यावरून महागाई आटोक्यात असल्याचे जाहीर करायला हरकत नाही. मालवाहतूक, खते, प्लास्टिक यांच्यातून तीच वाढ सावकाश झिरपत येते, आणि चलन घसरलेले असल्याने तेलाशी संबंध नसलेला आयात मालही महागतो. मध्यवर्ती बँक मग व्याजदर वाढवते आणि कर्जाचे हप्ते वाढलेला प्रवासी सहल पुढे ढकलतो. रिकाम्या आसनाचा खर्च इंधनाच्या रकान्यात दिसत नाही, ही आपल्या नियमाची मोठीच सोय आहे.

तेल का उतरले, हे विचारणे तर शुद्ध अरसिकपणा. पुरवठा वाढून उतरले तर विमान कंपनीचे भले होते, पण मागणीच मेल्यामुळे उतरले तर रिकाम्या विमानात स्वस्त इंधन भरण्यात फारसा अर्थ उरत नाही. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, म्हणजे तेल नेण्यासाठी घेणाऱ्यालाच पैसे मिळत होते. आपल्या नियमाप्रमाणे तो विमान कंपन्यांचा सुवर्णदिन ठरायला हवा होता. विमाने मात्र धावपट्ट्यांवर ओळीने उभी होती आणि शेअर आधीच कोसळलेले होते.

राहता राहिले हेजिंग, म्हणजे पुढच्या इंधनाचा भाव आजच बांधून ठेवणे. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिक या विमान कंपनीने तेल महाग असताना असे भाव बांधले होते. पुढे तेल उतरले आणि २०१६ या एका वर्षात कंपनीला हेजिंगमध्ये आठ अब्ज हाँगकाँग डॉलरहून अधिक तोटा झाला. बांधलेल्या भावाचा आणि त्यात अडकलेल्या इंधनाच्या प्रमाणाचा उल्लेख वार्षिक अहवालाच्या मागच्या पानांवरील टिपांमध्ये सहसा असतो. शेअर घेण्याआधी त्या टिपा मुळीच वाचू नयेत, कारण तिमाही निकालाच्या रात्री झोप लागली नाही तर वाचायला काहीतरी हाताशी असावे.