माझा एक मित्र आहे…

‘जरा शब्द टाकून बघ ना,’ असे मी माझ्या मित्राला म्हणालो तेव्हा तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता, आणि पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ मी आजही त्या नाडीतच शोधतो. ज्याचे तोंड जमिनीकडे आहे अशा माणसापुढे मन मोकळे करणे आपल्याला जितके सोपे जाते, तितकेच ते अर्धवट ऐकणे त्यालाही सोपे जाते. ‘बघू,’ असे तो म्हणाला. त्या ‘बघू’चा अर्थ मी ‘काम झाले’ असा घेतला.

नाते असे होते की तो माझ्या कार्यालयातला सहकारी आणि जी मला आवडत होती तिचा कॉलेजपासूनचा वर्गमित्र. तिची माझी ओळख त्याच्याच घरी झालेल्या दोन भेटींपुरती. पहिल्या भेटीत तिने मला पंख्याचे बटण कोणते ते विचारले, मी तीन चुकीची बटणे दाबून दाखवली, आणि ती हसली. या हसण्यावर मी तीन महिने काढले होते. तिला मी थेट विचारू शकलो असतो. पण भिडस्त माणसाला ‘थेट’ हा शब्द उंच कड्याच्या टोकावर लावलेल्या पाटीसारखा दिसतो. शिवाय मध्यस्थाची सोय सर्वच बाजूंनी सुरक्षित वाटत होती. तिने नाही म्हटले तर ते माझ्या तोंडावर म्हटले जाणार नाही, तिलाही अवघडल्यासारखे होणार नाही, आणि पुढच्या भेटीत दोघांनाही काही घडलेच नाही असे वागता येईल. नकाराची शोभा होऊ नये म्हणूनच माणसे मधला माणूस शोधतात, आणि एवढ्यापुरते ते शहाणपणाचेही आहे.

चूक मी त्यानंतर केली. निघता निघता मी त्याला चार अटी घातल्या. माझे नाव घ्यायचे नाही. थेट विचारायचे नाही, नुसता अंदाज घ्यायचा. विषय ‘सहज’ काढायचा. आणि ती जे म्हणेल ते जसेच्या तसे मला येऊन सांगायचे. आता हा मजकूर लिहिताना मला स्वच्छ दिसते आहे की पहिल्या तीन अटी पाळल्यावर चौथीला काही अर्थच उरत नाही, कारण जिला काहीच विचारलेले नाही ती जसेच्या तसे काय सांगणार? पण त्या दिवशी ताकास तूर लागू न देता ताक मिळवण्याची ही योजना मला मुत्सद्दीपणाचा कळस वाटली होती. ‘सहज’ म्हणजे नेमके कसे, याची आम्ही चाळीस मिनिटे तालीमही केली.

चार दिवसांनी मी त्याला गाठले.

‘विषय काढला,’ तो म्हणाला.

‘मग?’

‘छान निघाला विषय.’

‘ती काय म्हणाली?’

‘बोलणं झालं बरंच. सध्या कामाचा ताणही आहे म्हणा.’

ताण कोणाला आहे, हे त्या वाक्यात नव्हते. पुढचे पाच आठवडे मी अशा वाक्यांवर जगलो. ‘वातावरण चांगलं होतं.’ ‘घाई करण्यात अर्थ नाही.’ ‘वेळ जाऊ द्यावा लागतो.’ मराठीचा थोडा जरी विचार केला असता, तर या साऱ्या वाक्यांतून ‘ती’ हा कर्ता बेपत्ता आहे हे माझ्या तेव्हाच लक्षात आले असते. मध्यस्थाच्या तोंडी तिचा एकही शब्द, अगदी ‘अच्छा’सुद्धा, येत नसेल, तर एक तर त्याने विचारलेलेच नसते, किंवा विचारून जे मिळाले ते त्याला तुमच्यापुढे ठेववत नसते. तिसरी शक्यता मला अजून आढळलेली नाही.

ठेववत नाही, यात त्याचा विशेष दोषही नव्हता. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1970 साली या सवयीवर लिहिले आहे. त्यांच्या प्रयोगात प्रयोगासाठी आलेल्या माणसाला दुसऱ्या एका व्यक्तीसाठी फोनवरचा निरोप मिळे. बातमी चांगली असेल तर माणसे ती आनंदाने पोहोचवत. बातमी वाईट असेल तर ‘तुमच्यासाठी फोन होता’ एवढे सांगून बातमी वाईट आहे हा भाग गिळून टाकण्याकडे त्यांचा कल दिसला. तिथे निरोप्या आणि निरोप घेणारा एकमेकांना अनोळखी होते. माझा निरोप्या तर रोज माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा. त्याने ‘फोन होता’ एवढे तरी सांगितले, हेच उपकार.

मात्र त्याचे गप्प राहणे मला वाटले तसे माझ्या काळजीपोटी नव्हते. सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी सगळे निघून गेल्यावर त्याने संगणक बंद केला, आणि काळ्या पडद्याकडे पाहतच मला विचारले, ‘माझ्यात असं काय कमी आहे रे?’

मग सगळे बाहेर आले. त्याने माझ्या अटी अक्षरशः पाळल्या होत्या. तिला भेटून तो म्हणाला होता, ‘माझा एक मित्र आहे. नाव नको विचारूस. त्याला एक मुलगी फार आवडते, पण बोलायचं धाडस होत नाही. शांत आहे, वाचतो भरपूर, दुसऱ्याचं नीट ऐकून घेतो. तुझ्यासारखीला असा माणूस कसा वाटेल?’ जगात ज्याने कोणी ‘माझा एक मित्र आहे’ अशी सुरुवात केली, त्याचा तो मित्र आरशात राहतो, हे लहान मुलालाही ठाऊक असते. डॉक्टरांपुढे, वकिलांपुढे, सल्ला देणाऱ्या कुणाहीपुढे हाच मित्र जातो, आणि ऐकणारे सगळे सौजन्याने तो खरा असल्याचे नाटक करतात. तिनेही केले. थोडा वेळ थांबून, अतिशय मायेने ती म्हणाली, ‘तुझ्या त्या मित्राला सांग, की तो खूप चांगला आहे, पण माझ्या मनात तसं काही नाही. आणि यामुळे आपल्या मैत्रीत काहीही फरक पडणार नाही.’

‘आपल्या म्हणाली,’ माझा मित्र मला म्हणाला. ‘तुमच्या नाही, त्याच्या नाही. आपल्या.’

पाच आठवडे तो या एका सर्वनामाशी झुंजत होता. ज्या गोष्टीची त्याने कधी इच्छाच केली नव्हती, ती त्याला रीतसर नाकारण्यात आली होती, आणि नकार एकदा आला की मूळ मागणी होती की नव्हती हे मन तपासत बसत नाही. आधी त्याला हसू आले, मग राग आला, आणि मग आपल्याला का नाकारावे या प्रश्नाने त्याची झोप उडाली. मला सांगायचे तर काय सांगणार? तुला नकार आला म्हणावे, तर तुझे नावच निघालेले नव्हते. मला नकार आला म्हणावे, तर तू तिथे कशाला गेला होतास हा प्रश्न.

त्याने केलेले माझे वर्णन त्यालाच चिकटले, यालाही आधार आहे. 1998 साली स्कोरोन्स्की, कार्लस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवले, की आपण दुसऱ्याचे जे गुण-दोष वर्णन करतो ते ऐकणाऱ्याच्या मनात नकळत आपल्यालाच जोडले जातात, आणि वर्णन तिसऱ्याच माणसाचे आहे हे ठाऊक असले तरीही हे घडते. दुसऱ्याला सारखे लबाड म्हणणारा माणूस म्हणूनच हळूहळू स्वतःही लबाड भासू लागतो. इथे तर तिसरा माणूस निनावी होता. गुणांना बसायला दुसरी खुर्चीच नव्हती. माझे शांतपण, माझे वाचन, माझे ऐकून घेणे, हे सगळे मी माझ्या हाताने त्याच्या अंगावर चढवून त्याला तिच्यापुढे उभे केले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते इथे हात त्याचा आणि अवलक्षण दोघांचे असे वाटून झाले.

हा धोका आपल्याकडे नवा नाही. महाभारताच्या वनपर्वात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम या चौघांनी दमयंतीकडे दूत म्हणून पाठवले ते नळाला. नळाने इमानाने चौघांचीही बाजू मांडली, आणि दमयंतीने सांगितले की मी तुलाच वरले आहे. देवांची ही गत, तिथे माझा काय पाड. फरक एवढाच, की नळ आधीपासून तिच्या मनात होता, त्यामुळे दूताच्या वाट्याला होकार आला. माझ्या मित्राच्या वाट्याला नकार आला. पाठवणाऱ्याच्या हाती मात्र दोन्हीकडे सारखेच, म्हणजे काही नाही. वास्तविक मी त्याला एवढेच म्हणायला हवे होते, की माझे नाव घेऊन, मला तिच्याशी बोलायला आवडेल, ते तिला चालेल का एवढे विचार, आणि बाकीचे माझ्यावर सोड. दहा सेकंदांचे काम होते, त्यात गुणवर्णन नव्हते आणि ‘सहज’ही नव्हते.

शेवटी मीच गेलो. पूर्वतयारी केली नाही, कारण ती केली असती तर गेलो नसतो. सगळा प्रकार सांगून ‘तो मित्र मी,’ असे म्हटल्यावर ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

‘म्हणजे तो खरंच होता?’ ती म्हणाली.

‘हो.’

‘पंख्याची बटणं तुम्हीच दाबली होती ना?’

‘हो.’

ती पुन्हा हसली. मग म्हणाली, ‘मी विचार करून सांगेन, पण मी स्वतः सांगेन. कुणाला पाठवू नका.’ मी मान डोलावली. ‘आणि एक काम करा,’ ती पुढे म्हणाली, ‘त्याला सांगा, माझा गैरसमज झाला होता. मला त्याच्याशी बोलायला इतकं अवघडल्यासारखं होतंय… तुम्ही त्याचे मित्र आहात, तुम्हीच जरा सहज विषय काढा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खुर्चीत बसायच्या आतच मी म्हणालो, ‘अरे, तो नकार तुला नव्हता.’

त्याचा चेहरा उजळला. ‘म्हणजे तिने तो मागे घेतला?’

‘मागे घेतला असं नाही. तुलाच दिला होता, पण तू मागितलं नव्हतंस हे तिला माहीत नव्हतं. तुला म्हणून दिला, पण तुझा म्हणून नाही.’

‘आणि मी मागितलं असतं तर?’

मी वाकलो आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागलो.

‘तिचे शब्द काय होते?’ त्याने विचारले.

‘बोलणं झालं बरंच,’ मी म्हणालो. ‘वातावरण चांगलं होतं.’