पोरीचा 19 का खोडला?

आज संध्याकाळी नातीची भूगोलाची वही हातात आली आणि तेव्हापासून डोकं तापलंय. ती सातवीत आहे. शाळेनं पावसाळ्याच्या धड्याबरोबर काम दिलं होतं. प्रत्येकानं घरी प्लॅस्टिकच्या बाटलीचा पर्जन्यमापक करायचा, रोजचा पाऊस वहीत लिहायचा आणि वर्गात सगळ्यांचे आकडे एका मोठ्या तक्त्यात भरायचे. काम उत्तम आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण पोरीनं एका दिवसाचा पाऊस 19 मिलिमीटर लिहिला होता, त्यावर लाल काट मारून शेजारी 53 लिहिलंय. कारण काय, तर त्या दिवशी पेपरात इंदूरचा पाऊस 2.1 इंच छापून आला होता, आणि 2.1 ला 25.4 नं गुणलं की 53 येतात. ज्यांचा आकडा पेपराशी जुळला त्यांना पूर्ण मार्क. रविवारची चौकट तिनं रिकामी ठेवली होती, तिथं लाल शाईचं शून्य. आणि पोरगी मला विचारते, "आजी, माझी बाटली खोटी आहे का गं?"

नाही बाळा. तुझी बाटली खोटी नाही.

इंदूरमध्ये राहणाऱ्यांना हे मी काय सांगावं! राजवाड्यापाशी रस्ते वाहत असतात आणि विजयनगरचा माणूस फोनवर सांगतो, इथं धूळ उडतेय. पेपरात जो 'इंदूरचा पाऊस' येतो तो सहसा विमानतळाच्या केंद्रावरचा असतो, आणि विमानतळ शहराच्या पश्चिमेला. आम्ही राहतो पूर्वेला, तिलकनगरात. जूनमधला पाऊस बहुतेक वेळा दुपारी तापून वर चढलेल्या ढगांचा असतो. तो गडगडतो, तासाभरात कोसळतो आणि मोकळा होतो. असा एकेक ढग काही किलोमीटरचाच असतो. तो विमानतळावर रिता झाला आणि आमच्याकडे फक्त त्याची किनार आली, तर तिकडे 53 आणि इकडे 19 यात नवल कसलं? जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचं क्षेत्र ओडिशा, छत्तीसगड ओलांडून माळव्यावर येतं, तेव्हा गोष्ट वेगळी असते. ढगांचा पसारा शेकडो किलोमीटरचा, झड रात्रंदिवस, आणि शहरभरचे आकडे एकमेकांच्या बरेच जवळ येतात. वर्गाच्या तक्त्यात हाच फरक दिसायला हवा होता. जूनचे आकडे विस्कटलेले, जुलैचे जवळजवळ आलेले. पुस्तकातलं 'मान्सून' मुलांना इथं, स्वतःच्या अक्षरात दिसलं असतं. तो तक्ता लाल शाईनं सपाट करून टाकला.

मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवतेय. मी नोकरीत असताना हाच प्रयोग मुलांकडून करून घ्यायची. ही मुलगी हवा बंगल्याकडची, अबोल, पण रोज न चुकता आकडा आणणारी. तिचे आकडे बाकीच्यांपेक्षा नेहमी जास्त. मुलं हसायची, म्हणायची ही मनानंच लिहिते. मी तिचा एकही आकडा खोडू दिला नाही. आठवडाभर थांबलो आणि मग सगळ्यांनी मिळून फळ्यावर आकडे लिहिले. सोमवारी तिच्या बाजूच्या मुलांचे साधारण 12, तिचा 23. बुधवारी त्यांचे 31, तिचा 60. शनिवारी त्यांचे 4, तिचा 8.

बघा नीट. पाऊस कमी असो वा जास्त, ती दरवेळी जवळपास दुप्पट. खरा पाऊस असा वागत नाही. ढग एक दिवस तुमच्यावर कृपा करेल, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यावर. एखाद्याचा आकडा कधी जास्त, कधी कमी येत असेल तर तो पावसाचा फरक. पण फरक रोज एकाच पटीत येत असेल तर खोट पावसात नाही, बाटलीत आहे. हे मी मुलांना सांगितलं नाही, फळ्याकडे बघून त्यांनीच काढलं.

मग तिला बाटली आणायला लावली. आपण नेहमी काय करतो? थंड पेयाची सरळ भिंतीची बाटली घेतो, वरचा निमुळता भाग कापतो, तोच उलटा करून नरसाळ्यासारखा खालच्या भागात बसवतो. नरसाळ्याचं तोंड आणि खालची बाटली एकाच रुंदीची, म्हणून आत जितके मिलिमीटर पाणी चढतं तितकेच मिलिमीटर पाऊस. या मुलीचा वरचा भाग फाटला होता, म्हणून तिनं तेलाच्या मोठ्या बाटलीचा भाग कापून बसवला होता. त्याचं तोंड 14 सेंटिमीटर, खालची बाटली 10. पाऊस गोळा होतो तोंडाच्या क्षेत्रफळावर, आणि क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गानं वाढतं. 14 गुणिले 14 म्हणजे 196, 10 गुणिले 10 म्हणजे 100. भागिले तर 1.96. म्हणजे ती 1.96 पट पाऊस गोळा करून अरुंद बाटलीत मोजत होती. तिच्या 60 ला 1.96 नं भागलं तर 30.6. शेजाऱ्यांचे 31!

वर्ग काय ओरडला होता म्हणून सांगू. तिचा अख्खा आठवडा एका भागाकारानं सुटला. आणि तो सुटला कारण मूळचे आकडे वहीत जसेच्या तसे होते. मी पहिल्याच दिवशी 23 खोडून 12 लिहिले असते तर ती पट कुणालाच दिसली नसती, ती मुलगी वर्षभर तेच नरसाळं घेऊन बसली असती आणि आपण खोटारडे आहोत असं मानत राहिली असती.

हं, मान्य आहे, बाटली म्हणजे वेधशाळेचं यंत्र नव्हे. पाच-सात टक्क्यांचा फरक राहणारच.

आणि त्या शिक्षिकेबद्दलही लिहिताना हात थोडा आखडतोय. मी त्या खुर्चीत बसलेय. समोर वह्यांचा ढीग, डोक्यावर परीक्षा, मधेच कुठली तरी ड्यूटी, आणि वरून विचारणा, की सगळ्यांची उत्तरं वेगळी कशी? एकच उत्तर तपासायला सोपं पडतं. तिचा हेतू वाईट नसेल. कुणी तिलाही असंच शिकवलं असेल. मी तिला भेटायला जाणार आहे, भांडायला नाही.

पण मार्क! आकडा जुळला म्हणून मार्क हे मला सहन होत नाही. पुढच्या महिन्यात काय होईल सांगते. मुलं सकाळी बाटली बघणारच नाहीत. पेपर बघतील, इंचाचे मिलिमीटर करतील, दोन-चार इकडे-तिकडे करून लिहितील. ज्यानं पावसात भिजत जाऊन मोजलं त्याला काट, ज्यानं पेपर उतरवला त्याला शाबासकी.

आता ते रविवारचं शून्य. माझ्या मते ते 53 पेक्षाही वाईट. रविवारी पोरगी मावशीकडे देवासला होती, बाटली कुणी पाहिली नाही. रिकामी चौकट म्हणजे 'पाहिलं नाही'. शून्य म्हणजे 'पाहिलं, पाऊस पडला नाही'. या दोन गोष्टी एक कशा होतील? सोमवारी सकाळी बाटलीत जे पाणी होतं ते दोन दिवसांचं होतं. तिनं सोमवारपुढे 26 लिहून खाली 'दोन दिवसांचे' असं लिहिलं होतं, कुणी न सांगता! लाल शून्यामुळे आता तक्ता म्हणतो की रविवार कोरडा गेला आणि सोमवारी 26 पडला. आठवड्याची बेरीज तीच राहते, म्हणून कुणाला कळणारही नाही. पण पावसाचे दिवस मोजायला बसाल तर चुकाल. आपल्या वेधशाळा 24 तासांत निदान 2.5 मिलिमीटर पडला तरच तो पावसाचा दिवस धरतात. इथं एक दिवस सरळ नाहीसा होऊ शकतो.

वेळेचंही तसंच. वेधशाळेत सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या 24 तासांचा पाऊस त्या तारखेला लिहितात. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी पडलेला पाऊस बुधवारच्या नावावर जातो. मूल शाळेतून आल्यावर दुपारी मोजत असेल आणि आपण ते पेपराशी लावून बघत असू, तर दोघं वेगवेगळ्या 24 तासांबद्दल बोलताहेत. हे वर्गात कुणी सांगितलंच नाही म्हणे. मी विचारलं तर नात म्हणाली, काही जण सकाळी बघतात, काही जण झोपायच्या आधी.

हवा बंगल्याच्या त्या मुलीच्या बाटलीत आणखी एक गोष्ट होती, ती मात्र तिनं अगदी बरोबर केली होती आणि बाकी निम्म्या वर्गानं चुकवली होती. या बाटल्यांचा तळ सपाट नसतो, खाली उंचवटे असतात. म्हणून तळाशी खडे टाकायचे, खडे पूर्ण बुडून वर सपाट पाणी येईल इतकं पाणी ओतायचं आणि त्या पातळीवर शून्याची खूण करायची. खडे पाण्याबाहेर राहिले तर पावसाचं पाणी फक्त फटींत भरतं आणि आकडा फुगतो. मोजून झालं की बाटली पालथी घालायची नाही, पाणी शून्यापर्यंतच ठेवायचं. आणि उघडीप पडली की हे शून्याचं पाणीच उन्हानं खाली जातं. मग पुढच्या पावसाचे पहिले दोन-तीन मिलिमीटर खड्डा भरण्यातच जातात आणि मूल लिहितं, पाऊस पडला नाही. ती मुलगी कोरड्या दिवशीही रोज सकाळी पाणी खुणेपर्यंत भरायची. मी तिला वर्गासमोर उभं करून हे सांगायला लावलं होतं. तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलली.

रात्र झाली, राग थोडा उतरलाय. नातीची बाटली मी अंगणात जाऊन पाहून आले. तोंड आणि बाटली एकाच रुंदीची आहे, खडे बुडालेले आहेत. भिंत मात्र जवळ आहे, तिरका पाऊस तिकडून अडत असणार. भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवी, म्हणून उद्या ती मागच्या मोकळ्या जागेत हलवू आणि हलवल्याची तारीख वहीत लिहू. जुना 19 तसाच राहील. लाल 53 च्या खाली तिनं पुन्हा पेन्सिलीनं तो लिहिलाय, मी तिला सांगितलं तसं: 'तिलकनगर, भिंतीजवळ, सकाळी 8.30'.

सुदामानगर, राजेंद्रनगर, विजयनगर, महू, जिथं कुठं आपली मंडळी आहेत, त्यांच्या घरात मूल असेल तर त्याच्याकडून या आठवड्याचे आकडे इथं लिहवून घ्या. जागा आणि वेळ लिहा. ज्या दिवशी पाहिलं नाही तिथं आडवी रेघ मारा. शनिवारी मी आणि नात तक्ता करायला बसणार आहोत, आणि सोमवारी तो तक्ता घेऊन मी शाळेत जाणार आहे.