अकाउंट डिलीट करण्याआधी आणि त्यानंतरच्या तीस दिवसांत

दर दोन-तीन महिन्यांनी यादीतलं कुणीतरी लिहितं, "बस झालं, फेसबुक कायमचं सोडतोय." चार दिवसांनी प्रोफाइल दिसेनासं होतं आणि महिन्याभरात तीच व्यक्ती कुणाच्या तरी वाढदिवसाला शुभेच्छा देताना दिसते. परत येण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण यातल्या बऱ्याच जणांनी अकाउंट डिलीट केलेलंच नसतं, डिअ‍ॅक्टिव्हेट केलेलं असतं, आणि आपण नेमकं काय केलं हे त्यांना सांगता येत नाही. तर काही जण खरोखर डिलीट करून बसतात आणि परत फिरायची मुदत उलटून गेल्यावर विचारायला येतात. या दुसऱ्या गटासाठी मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. Settings मधून Accounts Center, तिथे Personal details, मग Account ownership and control आणि शेवटी Deactivation or deletion. अकाउंट निवडलं की दोन पर्याय समोर येतात. वर Deactivate account, खाली Delete account. घाईत Continue दाबत गेलं की माणूस वरच्या पर्यायाने पुढे जातो आणि 'झालं एकदाचं' म्हणून फोन बाजूला ठेवतो. माझं स्पष्ट मत आहे की दोन इतक्या वेगळ्या गोष्टी अशा एकाखाली एक ठेवू नयेत. निदान प्रत्येकीचा परिणाम तिथेच ठळक अक्षरांत सांगावा.

डिअ‍ॅक्टिव्हेट केल्यावर तुमचं प्रोफाइल लोकांना दिसत नाही, शोधून सापडत नाही. बाकी सगळं कंपनीकडे जसंच्या तसं राहतं: फोटो, पोस्ट, मित्रयादी, सगळं. त्याला मुदत नाही. वर्षभराने लॉगिन केलंत तरी सगळं जागच्या जागी मिळतं. तुम्ही पाठवलेले मेसेज समोरच्याच्या इनबॉक्समध्ये दिसत राहतात. मेसेंजर वेगळं बंद केलं नसेल तर ते चालूच राहतं आणि ते वापरल्याने फेसबुक पुन्हा सुरू होत नाही. पण दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये 'फेसबुकने लॉगिन करा' हे बटण दाबलंत तर मात्र होतं. कुणी एखादा गेम उघडतो, कुणी जुनं खरेदीचं अ‍ॅप, आणि प्रोफाइल पुन्हा सगळ्यांना दिसू लागतं. 'मी तर बंद केलं होतं, आपोआप कसं सुरू झालं' याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

म्हणजे परीक्षेपुरतं, आजारपणापुरतं, नुसता कंटाळा आला म्हणून लांब राहायचं असेल तर डिअ‍ॅक्टिव्हेट पुरेसं आहे. आपली माहिती तिथे राहू नये असं वाटत असेल तर त्याचा काडीचाही उपयोग नाही.

डिलीटचं गणित वेगळं. बटण दाबल्यावर अकाउंट लगेच दिसेनासं होतं, पण पुसायला सुरुवात होत नाही. तीस दिवस ते तसंच धरून ठेवलं जातं. त्या तीस दिवसांत निर्णय फिरवता येतो, नंतर नाही. पूर्वी ही मुदत चौदा दिवसांची होती. 2018 साली ती तीस केली, आणि कंपनीने दिलेलं कारण असं होतं की चौदा दिवस उलटल्यावरही लोक परत लॉगिन करायला येताना दिसत होते. मला ही वाढ योग्य वाटते. रागाच्या भरात घेतलेला निर्णय दोन आठवड्यांत निवळतोच असं नाही. शिवाय अकाउंटवर काय काय अवलंबून होतं हे त्या त्या गोष्टीची गरज पडल्याशिवाय लक्षातही येत नाही.

याचं एक उदाहरण आमच्याच गल्लीतलं. गणेशोत्सव मंडळाचं पेज एका पोराने कॉलेजात असताना काढलं होतं. पेजवर त्याच्या एकट्याचाच पूर्ण ताबा. दोघं-तिघं फोटो टाकायचे, पण ते त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून. पेजवर चढवायचा तोच. यंदा नोकरीच्या ताणात त्याने 10 जुलैला आपलं अकाउंट डिलीटला टाकलं. मंडळाचा विचार त्याच्या मनातही आला नाही, कारण त्याच्या लेखी तो स्वतःचं अकाउंट काढत होता. पण नियम असा आहे की ज्या पेजवर फक्त तुमचाच पूर्ण ताबा आहे ते पेज तुमच्या अकाउंटबरोबर जातं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वर्गणीच्या पावत्यांचं काम निघालं, अहवालासाठी गेल्या वर्षीच्या रक्तदान शिबिराचे फोटो हवे होते, म्हणून खजिनदारांनी पेज उघडायला घेतलं, तर पेजच नाही. त्यांना वाटलं कुणीतरी हॅक केलं.

पोराला फोन गेला. "काका, मी तर माझं काढलं, मंडळाच्या पेजला हातसुद्धा लावला नाही," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. 10 जुलैपासून तीस दिवस म्हणजे 9 ऑगस्ट. मोजकेच दिवस उरले होते.

परत फिरायची रीत अगदी साधी आहे. नेहमीचा ईमेल किंवा फोन नंबर आणि पासवर्ड टाकून लॉगिन करायचं. अकाउंट डिलीट होण्याच्या मार्गावर आहे असा मजकूर येतो आणि Cancel deletion असं बटण दिसतं. ते दाबायचं. नुसतं लॉगिन करून तो मजकूर वाचला आणि खिडकी बंद केली, म्हणजे काम झालं असं धरून चालू नका. बटण दाबून प्रोफाइल आत नीट उघडतंय का, मित्रयादी दिसतेय का, हे तिथल्या तिथे बघा. कुणाला अर्ज करावा लागत नाही की कारण द्यावं लागत नाही.

अडलं ते लॉगिनलाच, आणि बहुतेकांचं तिथेच अडतं. त्याने मधल्या काळात फोन बदलला होता. दोन पायऱ्यांच्या पडताळणीचे कोड देणारं अ‍ॅप जुन्या फोनवर होतं आणि तो फोन रीसेट करून धाकट्या बहिणीला दिलेला. सुदैवाने ते सुरू करताना मिळालेले रिकव्हरी कोड त्याने ईमेलमध्ये जपून ठेवले होते. त्यातला एक चालला. अकाउंट परत आलं, पाठोपाठ पेजही दिसायला लागलं आणि रक्तदानाचे फोटो जागच्या जागी मिळाले.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की तीस दिवसांची मुदत ही तुमच्या लॉगिनइतकीच खरी आहे. अकाउंट डिलीटला टाकलं आणि त्याच आठवड्यात ज्या नंबरवर ओटीपी येतो ते सिम बंद केलं, जुना ईमेल सोडून दिला, तर तीस दिवस कागदावर उरतात. मुदत संपेपर्यंत सिम, ईमेल आणि कोडचं अ‍ॅप यांना हात लावू नका. शेवटची तारीख स्वतः मोजून कॅलेंडरवर लिहा, आणि बदलायचा असलेला निर्णय तिच्या आदल्या रात्रीपर्यंत लांबवू नका.

पण खरी आवराआवर बटण दाबण्याआधीची. डिलीटला टाकलेलं अकाउंट आतून वापरता येत नाही. एखादी गोष्ट राहिली तर आधी डिलीट रद्द करायचं, ते काम करायचं, मग पुन्हा डिलीट, आणि तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून. पेज असेल तर Page access मध्ये जाऊन निदान आणखी एका विश्वासू माणसाला पूर्ण ताबा द्या. नुसतं आमंत्रण पाठवून भागत नाही, समोरच्याने ते स्वीकारायला हवं. आमच्या मंडळात तिघांना ताबा दिला. एकाचं आमंत्रण कितीतरी दिवस नोटिफिकेशनमध्ये तसंच पडून होतं, शेवटी त्याच्या शेजारी बसून ते स्वीकारायला लावलं. त्यानंतरच पोराने आपलं अकाउंट पुन्हा डिलीटला टाकलं आणि पेज जागेवर राहिलं.

दुसरी गोष्ट आपल्या माहितीची प्रत. फेसबुक ती मागवू देतं, पण मागताना कालावधीच्या रकान्यात आधीपासून काय निवडलेलं आहे ते बघा. सगळं हवं असेल तर All time निवडा, नाहीतर अलीकडच्या काळाचीच प्रत हातात पडते आणि 2012 सालच्या लग्नाचे फोटो तिच्यात नसतात. फाइल तयार व्हायला वेळ लागतो, तयार झाल्यावर ती काही दिवसच उतरवून घेता येते. उतरवून, उघडून, चार जुने फोटो डोळ्यांनी बघितल्याशिवाय डिलीटकडे जाऊ नका. तसंच फेसबुकच्या लॉगिनवर चालणारी अ‍ॅप्स शोधून तिथे ईमेल आणि पासवर्डची सोय करून घ्या, नाहीतर तीही दारं बंद होतात.

तीस दिवस संपले की एकतिसाव्या दिवशी सगळं पुसलं जातं असंही नाही. डिलीटची प्रक्रिया सुरू झाल्यापासून सगळी माहिती काढायला नव्वद दिवसांपर्यंत लागू शकतात असं कंपनी सांगते. पण त्या उरलेल्या दिवसांचा आपल्याला काही उपयोग नाही. 'अजून सर्व्हरवर असेलच की' म्हणून कितीही लिहिलं तरी परत मिळत नाही. आणि तुम्ही लोकांना पाठवलेले मेसेज नव्वद दिवसांनंतरही त्यांच्याकडे राहतात. कुणाला काही खाजगी लिहिलं असेल तर अकाउंट डिलीट केल्याने ते त्यांच्या इनबॉक्समधून जाणार नाही.

इन्स्टाग्रामवरही डिलीटनंतर अशीच तीस दिवसांची सवड आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र नाही, आणि हे ठळक सांगायला हवं, कारण आपल्याकडे घरोघरी तेच असतं. व्हॉट्सअ‍ॅपमधून अकाउंट डिलीट केलं की ते लगेच जातं, सगळ्या ग्रुपमधून नाव निघतं आणि रद्द करायला कुठलंही बटण नाही. फोन बदलायचा म्हणून अकाउंट डिलीट करणारी माणसं मी पाहिली आहेत. नवा फोन घेतला तर डिलीट करायची काही गरज नसते. नव्या फोनवर त्याच नंबरने नोंदणी केली की पुरे.

आता सगळ्यात तातडीची गोष्ट. तुम्ही काही केलं नसताना अकाउंट डिलीटला गेल्याचं कळलं, तर कुणीतरी आत शिरून ते बटण दाबलेलं असू शकतं, आणि तीस दिवस तेव्हाही चालू असतात. लगेच लॉगिन करून Cancel deletion दाबा, पासवर्ड बदला, अनोळखी ईमेल किंवा नंबर जोडलेला असेल तर काढा आणि बाकीच्या सगळ्या फोन-संगणकांवरून लॉगआउट करा. पासवर्डच बदललेला असेल तर facebook.com/hacked वरून सुरुवात करा, आणि शक्यतो ज्या फोनवरून एरवी फेसबुक वापरता त्याच फोनवरून करा. ओळख पटवायला वेळ लागू शकतो, म्हणून रविवारची वाट बघू नका, त्याच दिवशी बसा.