आजारपणात वाढलेला रिव्हर्स टी३: तो काय सांगतो आणि काय सांगत नाही

गंभीर आजारातून उठलेल्या किंवा अजून अतिदक्षता विभागात असलेल्या रुग्णाच्या रिपोर्टमध्ये टी३ हे थायरॉईडचे हार्मोन कमी आणि रिव्हर्स टी३ वाढलेला दिसला की, 'शरीर चांगल्या हार्मोनऐवजी निकामी हार्मोन तयार करते आहे आणि ते निकामी हार्मोन पेशींची दारे अडवून बसले आहे,' असे स्पष्टीकरण हल्ली सर्रास दिले जाते, आणि त्यापाठोपाठ टी३च्या गोळ्या सुरू करण्याचा सल्लाही येतो. हे स्पष्टीकरण ऐकायला सोपे असले तरी चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि ते का चुकीचे आहे हे नीट मांडावे म्हणून ही पोस्ट लिहीत आहे.

थायरॉईड ग्रंथीतून बाहेर पडणारे हार्मोन मुख्यतः थायरॉक्सिन, म्हणजे टी४ असते. त्याच्या रेणूत दोन वलये असतात आणि प्रत्येक वलयावर आयोडिनचे दोन अणू असतात. बाहेरच्या वलयावरचा एक अणू निघाला की ट्रायआयोडोथायरोनिन, म्हणजे क्रियाशील टी३ तयार होते. आतल्या वलयावरचा निघाला की रिव्हर्स टी३ तयार होते. रक्तातल्या टी३पैकी सुमारे ८० टक्के ग्रंथीबाहेर, ऊतींमध्ये, याच मार्गाने बनते. ज्यांच्या शरीरात थायरॉईड ग्रंथी उरलेलीच नाही अशा माणसांना केवळ टी४ दिल्यावरही त्यांच्या रक्तात टी३ सापडते, हे १९७० साली सिद्ध झाले आणि तेव्हापासून या रूपांतराबद्दल शंका उरली नाही.

आयोडिन काढण्याचे हे काम डीआयोडिनेज नावाची तीन विकरे करतात आणि तिन्हींच्या क्रियास्थानी सेलेनियम असते. पहिले, डी१, यकृत आणि मूत्रपिंडात भरपूर असते. दुसरे, डी२, मेंदू, पीयूषिका ग्रंथी आणि इतर काही ऊतींमध्ये असते व ते टी४चे टी३ करते. तिसरे, डी३, फक्त आतल्या वलयावर काम करते: टी४चे रिव्हर्स टी३ करते आणि तयार टी३लाही निष्क्रिय करते. गर्भावस्थेत आणि वारेत डी३ भरपूर असते. प्रौढ माणसाच्या निरोगी यकृतात मात्र ते जवळजवळ नसते.

पहिल्या विकराची एक गोष्ट बहुतेक लोकप्रिय लेखांमध्ये गाळली जाते, आणि माझ्या मते सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. डी१ला टी४पेक्षा रिव्हर्स टी३ कितीतरी अधिक प्रिय असते. म्हणजे रक्तातल्या रिव्हर्स टी३चा निचरा करणे हे त्याचे मोठे काम आहे, आणि निरोगी अवस्थेत ते इतक्या वेगाने होते की रिव्हर्स टी३ रक्तात काही तासच टिकते, तर टी४ सुमारे आठवडाभर टिकते. आजारात, उपासमारीत, स्टिरॉइड किंवा अमिओडॅरोनसारख्या औषधांमुळे डी१चे काम मंदावते. त्याबरोबर दोन गोष्टी घडतात: टी४पासून टी३ कमी बनते, आणि रिव्हर्स टी३चा निचरा अडतो. रिव्हर्स टी३ची निर्मिती अजिबात वाढली नाही तरी रक्तातली पातळी चढते, कारण नळ तेवढाच वाहतो आहे आणि मोरी तुंबली आहे. म्हणूनच वाढलेला आकडा पाहून 'टी४ चुकीच्या वाटेने वळवले जात आहे' असा निष्कर्ष काढणे बहुतेक वेळा अनाठायी ठरते.

अतिगंभीर आजारात मात्र आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मान्य केली पाहिजे. अतिदक्षता विभागात मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या ऊतींची तपासणी केली असता यकृतात डी१ घटलेले आणि यकृत व स्नायूंत डी३ पुन्हा जागे झालेले आढळले आहे. तिथे निर्मितीही वाढलेली असू शकते. पण तेवढ्यानेही रिव्हर्स टी३ हे विष ठरत नाही. पेशीच्या केंद्रकातल्या थायरॉईड ग्राहींशी, म्हणजे हार्मोन जिथे चिकटून आपले काम करते त्या जागांशी, त्याचे बंध फार दुबळे असतात. टी३ला हुसकावून त्याची जागा घेण्याइतकी ताकद त्याच्यात नाही. वाढलेले रिव्हर्स टी३ हा आजाराचा परिणाम आहे, त्याला आजाराचे कारण मानून चालणार नाही.

उदाहरण म्हणून साठीतल्या एका बाईंची कल्पना करू. तीव्र न्यूमोनियामुळे त्या व्हेंटिलेटरवर आहेत, रक्तदाबासाठी औषधे आणि स्टिरॉइड चालू आहेत, आणि पाचव्या दिवशी कुणीतरी थायरॉईडच्या सगळ्या तपासण्या मागवतो. एकूण टी३ ४५ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर येते, म्हणजे नेहमीच्या ८० ते २०० या मर्यादेच्या बरेच खाली. रिव्हर्स टी३ दुप्पट झालेले असते. मुक्त टी४ सामान्य मर्यादेच्या खालच्या टोकाला असते आणि टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारे पीयूषिकेचे हार्मोन, ०.३ इतके कमी असते. खऱ्या, ग्रंथीतून उद्भवलेल्या हायपोथायरॉईडिझममध्ये, म्हणजे थायरॉईड हार्मोनच्या कमतरतेत, टीएसएच चांगलेच वाढलेले दिसले असते. इथे ते दबलेले आहे, कारण आजारात मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पीयूषिकेला येणारा संदेशच क्षीण होतो, आणि स्टिरॉइड व डोपामिन त्याला आणखी खाली ढकलतात.

तीन आठवड्यांनी बाई सावरू लागतात आणि टीएसएच ९ येते. याच टप्प्यावर अनेकदा आयुष्यभराच्या गोळ्या लावल्या जातात. वास्तविक सावरण्याच्या काळात टीएसएच तात्पुरते वाढते, कधी २०पर्यंतही; त्याहून पुढे गेले आणि मुक्त टी४ही कमी असले तरच खऱ्या थायरॉईड विकाराचा संशय बळावतो. घरी गेल्यावर सुमारे सहा आठवड्यांनी केलेल्या तपासणीत यांचे टीएसएच २.१ आणि टी३ सामान्य असते. गोळी दिली असती तर हे श्रेय गोळीला मिळाले असते.

'मग टी३ देऊन पाहायला काय हरकत आहे?' हा प्रश्न रास्त आहे. अशा रुग्णांना टी४ किंवा टी३ देऊन पाहिले गेले आहे, आणि जीव वाचण्याच्या दृष्टीने स्पष्ट फायदा दिसलेला नाही. उपवासात असलेल्या माणसांना टी३ दिल्यावर प्रथिनांचे विघटन वाढलेले आढळले आहे, त्यामुळे टी३ची घट हा अडचणीच्या काळात खर्च आवरण्याचा शरीराचा मार्ग असावा, असे मानायला आधार आहे. आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या गंभीर आजारातही ही घट हितकारकच राहते का, यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे. पण त्या वादाचा निकाल रिव्हर्स टी३च्या आकड्याने लागत नाही.

'निदान पीयूषिकेतल्या बिघाडामुळे झालेला हायपोथायरॉईडिझम आणि केवळ आजाराचा परिणाम, हा फरक तरी या तपासणीतून कळेल,' असेही सांगितले जाते. तर्क असा की टी४च कमी असेल तर रिव्हर्स टी३ही कमी येईल. प्रत्यक्षात दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की एका रुग्णाबद्दल त्यावरून निर्णय घेता येत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत तर गंभीर आजार असूनही रिव्हर्स टी३ सामान्य येऊ शकते. अशा वेळी कॉर्टिसॉल व पीयूषिकेची इतर हार्मोन्स तपासणे अधिक उपयोगी पडते.

एका दुर्मीळ परिस्थितीत मात्र हा आकडा खरोखर बोलतो. काही तान्ह्या मुलांच्या यकृतात रक्तवाहिन्यांच्या मोठ्या गाठी असतात आणि त्या गाठींत डी३ प्रचंड प्रमाणात असते. ग्रंथी निरोगी असूनही हार्मोन तयार होण्याच्या वेगाहून अधिक वेगाने नष्ट होते, रिव्हर्स टी३ खूप वाढते आणि त्याचबरोबर टीएसएचही खूप वाढते. आजारपणातल्या चित्रात टीएसएच असे वर जात नाही. या बाळांना हार्मोन द्यावेच लागते, नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या मात्रेत, आणि गाठ आकसत जाईल तशी ती मात्रा उतरवत आणावी लागते.