चिवड्याच्या नोटिशीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

«सर, एका पुडीत शेंगदाणे निघाले म्हणून एवढा तमाशा? दुकानांतून गुपचूप माल उचलला असता तरी भागलं असतं. नोटीस सरकारी भाषेत, फोटोत बॅच नंबर वाचता येत नाही. छोट्या धंद्याची वाट लावताय तुम्ही.»

फोटो बारीक आला होता, मान्य. मोठा टाकलाय.

‘तमाशा’ मात्र झोंबला. नोटीस मीच लिहून दिली होती. त्यात आहे काय? भाजक्या पोह्यांचा चिवडा, २०० ग्रॅम, बॅच नंबर, विक्रीच्या तारखा. पाकिटावर शेंगदाणे लिहिलेले नाहीत, आत आहेत. अ‍ॅलर्जी असेल त्यांनी खाऊ नये, इतरांना धोका नाही. पैसे परत मिळतील. एक उद्गारचिन्ह दाखवा.

आणि ‘एका पुडीत’ कुठून आणलंत? पॅकिंग मशीनवरचा छापील पाकिटांचा रोल संपला, कामगाराने शेजारचा तसाच पिवळा, बिनशेंगदाण्याच्या चिवड्याचा रोल चढवला. संध्याकाळी रोल आणि पाकिटांचा हिशोब जुळेना, तेव्हा कळलं. तोवर दुपारच्या मालातली काही खोकी दुकानांत पोचली होती.

आता तुमचं ‘गुपचूप’. माझं लहानपण वडिलांच्या फरसाणच्या दुकानात गेलं, पुढे अनेक वर्षं कारखान्यात माल तपासला, म्हणून सांगतो. वितरकाच्या बिलावर दुकानाचं नाव असतं, गिऱ्हाइकाचं नसतं. फळीवरचा माल तुम्ही उचलाल, विकला गेलेला कसा उचलणार? आपल्याकडे चिवडा घरी आला की डब्यात ओततात आणि पाकीट जातं केरात. मग नुसता बॅच नंबर काय कामाचा? म्हणून कढीपत्ता, डाळं आणि सालासकट शेंगदाणे असं चिवड्याचं वर्णनही दिलं. दाणे वेचून उपयोग नसतो, हेही लिहिलं. चुरा आणि साल पोह्यांत उरतंच, आणि ज्याला त्रास होतो त्याला तेवढंही पुरतं. घसा सुजून श्वास अडकू शकतो, साहेब.

आणि हा माझा हट्ट नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६, कलम २८: सदोष माल बाजारातून आणि ग्राहकांकडूनही मागे घ्यायचा, कारण सांगून, आणि अधिकाऱ्यांना कळवून. कारण सांगून! ते गुपचूप कसं सांगतात, तुम्हीच शिकवा.

भाषा सरकारी वाटली तर वाटू दे. धंद्याचं म्हणाल, तर ही नोटीस मालकांनी स्वतः मागून घेतली. तुम्हाला त्यांचं वकीलपत्र कोणी दिलं?

घरात कोणाला शेंगदाण्याचा त्रास नसेल तर तो चिवडा खुशाल खा. परत करायचा असेल तर पाकीट नसलं तरी दुकानदार पैसे देईल. नोटिशीत तिसऱ्या ओळीत आहे, तिथवर वाचली असतीत तर.