खेकडे फार पळतात

आमचा गेम खेकडे पकडण्याचा आहे. कोकणातली खाडी, एक होडी, एक टोपली, आणि भरती यायच्या आत सापडतील तेवढे खेकडे. स्टीमवर तो अर्ली ॲक्सेसमध्ये आहे, म्हणजे अर्धकच्ची भाजी वाढायची, पैसे घ्यायचे आणि वर मीठ कसं झालंय तेही विचारायचं. कोड माझ्या भागीदाराचा. डिस्कॉर्ड माझ्याकडे, कारण "तुला नाहीतरी बडबडायला आवडतं."

मी `#bugs` चॅनेलमध्ये सूचना पिन केली: बिल्ड नंबर लिहा, काय केलंत, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं ते लिहा. सोसायटीत "येथे चपला काढू नयेत" या पाटीखाली जसा चपलांचा ढीग असतो, तशा त्या सूचनेखाली तक्रारी जमल्या. पहिली होती "क्रॅब्स लोल". नक्की काय झालं, असं विचारल्यावर उत्तरादाखल रडणारा बेडूक आला.

आठवडाभरात अकरा जणांनी खेकडे अशक्य चपळ असल्याचं कळवलं. बाकीचे म्हणत होते की गेम फार शांत आहे, झोपताना खेळायला छान. तिघांचा गेम उघडताच बंद पडत होता. आणि एकाने मागणी केली की नावाड्याला टोपी हवी. टोपीला ६३ अंगठे मिळाले, बंद पडणाऱ्या गेमला तीन. साहजिकच, ज्याचा गेम उघडतच नाही तो टोपीसाठी मत द्यायला मोकळा असतो.

मी चपळ खेकड्यांना "डिझाइन"चं लेबल लावलं आणि आम्ही वेग `2.5` वरून `1.5` वर आणला. अकरा जण म्हणाले, "किंचित बरं." उरलेले म्हणाले, "खेकडे मेलेत का?" इथेच माझी चूक झाली. खेळाडूला कुठे दुखतंय ते तो बरोबर सांगतो, पण औषध सांगायला लागला की सावध व्हावं. मी औषध लिहून घेतलं आणि नाडी बघितलीच नाही.

मग रात्री दीड ते साडेतीन जागून एकेकाची जबानी घेतली. आई पाणी प्यायला उठली.

"कुणाशी बोलतोयस रे?"

"जर्मनीतल्या माणसाशी."

"नोकरीचं काही आहे का?"

"त्याचे खेकडे पळतायत."

आई पाणी न पिताच झोपायला गेली.

पण तिला उत्तर देतानाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अकरापैकी आठ जण जर्मनीचे होते आणि तीन ब्राझीलचे. गेम बंद पडणारे तिघेही फ्रान्सचे. एका जर्मनाने स्क्रीनशॉट पाठवला, त्यात कोपऱ्यात वेग दिसत होता: `15,0`. पंधरा! आणि मध्ये टिंबाऐवजी स्वल्पविराम.

जर्मनीत आणि ब्राझीलमध्ये दशांशाला स्वल्पविराम असतो, आणि टिंब हजार वेगळे करायला वापरतात. आमच्या सीएसव्ही फाईलमधला `1.5` त्यांच्या विंडोजवर वाचताना टिंब निव्वळ सजावट ठरत होतं आणि पंधरा होत होते. म्हणजे मूळ `2.5` चे पंचवीस! फ्रेंच पद्धतीत टिंबाला दोन्हीपैकी कुठलंच काम नाही, म्हणून तिथे गेम सरळ कोसळत होता. त्यांच्या `Player.log` मध्ये `FormatException` लिहिलेलंच होतं, फक्त मी ती फाईल मागितली नव्हती. भारतात टिंब हेच दशांश, त्यामुळे भागीदाराचं "माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय" हे वाक्य शंभर टक्के खरं होतं.

सकाळी त्याच्या विंडोजचं रीजनल फॉरमॅट जर्मन केलं आणि गेम उघडला. खेकडा पडद्यावरून असा गेला, की त्याच्या हातातला चहा सांडला. चौदा तक्रारींचा एकच बग लिहिला: कृती, अपेक्षा, परिणाम, दोन स्क्रीनशॉट, एक लॉग. प्राधान्य सर्वांत वर, कारण हे चौदा जण सेटिंग बदलल्याशिवाय गेम खेळूच शकत नव्हते, आणि सेटिंग बदलायचं त्यांना सुचणार तरी कसं? टोपी खाली गेली. दुरुस्ती एवढीच:

```
float.Parse(s, CultureInfo.InvariantCulture)
```

एवढीच, पण सतरा ठिकाणी. भरतीची उंचीही तशीच वाचली जात होती. ब्राझीलचा एक जण "पाणी फार आहे" म्हणाला होता, त्याला मी "भरती आहे" असं उत्तर दिलं होतं.

वेग परत `2.5` केला आणि नवा बिल्ड सोडला. संध्याकाळी त्याच जर्मन माणसाने लिहिलं: पन्नास तास सराव करून पंचवीसच्या वेगाने मी खेकडे पकडायला शिकलो होतो, तुम्ही गेमचा आत्माच काढून घेतलात. जुना वेग पर्याय म्हणून तरी ठेवा.

सोबत बिल्ड नंबर, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, सगळं पिन केलेल्या सूचनेबरहुकूम. असा नेटका रिपोर्ट मला आजवर कुणी दिला नव्हता. खाली ७१ अंगठे आहेत, आणि टोपीवाला विचारतोय, आमचा नंबर कधी?