मत गावात, पोरगा पुण्यात

«भाऊ, लेख वाचला. पोरांची बाजू फार घेता. आमच्या अमळनेरात मतदानाच्या रांगेत सगळे आमच्या वयाचे होते. मत द्यायला पाच मिनिटं लागतात, ती यांच्याकडे नाहीत, आणि आंदोलनात रस्त्यावर रात्र काढायला वेळ आहे. हा आळस नाही तर काय? – नाना, अमळनेर»

नाना, तुमचं मतदान केंद्र घरापासून चालत जाण्यासारखं आहे. आता नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्याचा एक पोरगा घ्या. वय बावीस-तेवीस, पुण्यात नव्या पेठेत कॉट बेसिसवर राहतो, अभ्यासिकेत बसून एमपीएससी करतो. उदाहरणापुरता घेतलाय, पण तुमच्या गल्लीतही असे दोन-चार निघतील. नाव तळोद्याच्या यादीत. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबर 2024, बुधवार. दिवाळीला घरी जाऊन तो नुकताच परतलेला. एका मतासाठी पुन्हा रात्रभराची एसटी, दुसऱ्या रात्री परत, भाडं दोन्हीकडचं. टपाली मत सैनिकांना आहे, निवडणूक ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यांना आहे, 85 वर्षांपुढच्यांचं तर घरी येऊन घेतात. शिकायला बाहेर गेलेल्याला यातलं काहीच नाही.

तुम्ही म्हणाल, मग पुण्यात नाव नोंदव की. नोंदवता येतं. जिथं सर्वसाधारणपणे राहता तिथं नाव असावं, असं कायदाच म्हणतो, आणि होस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला गाव किंवा शिक्षणाचं ठिकाण यातलं एक निवडायची मुभा आहे. अट अशी की अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा, आणि संस्थाप्रमुखाचं बोनाफाइड जोडायचं. अभ्यासिका बोनाफाइड देत नाही. भाडेकराराचा कागद चालतो, पण तो नोंदणीकृत हवा. एका खोलीत पाच कॉट टाकणारा घरमालक तो करून देईल का, तुम्हीच सांगा. कागद नसेल तर बीएलओनं, म्हणजे मतदारयादीचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्यानं, जागेवर येऊन खात्री करायची असते. तो आला तेव्हा पोरगा अभ्यासिकेत असतो.

त्यात मुदतीची गंमत. 2024 ला निवडणूक जाहीर झाली 15 ऑक्टोबरला आणि उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख होती 29. त्याच्या साधारण दहा दिवस आधी आलेले मतदार-अर्जच यादीत वेळेत बसतात. म्हणजे घोषणा ऐकून जागा झालेल्याच्या हातात जेमतेम चार दिवस. ज्याचं नाव वीस वर्षं एकाच यादीत आहे, त्याला या तारखा कधी कळायचीही गरज पडत नाही.

आता ती रस्त्यावरची रात्र. ऑगस्ट 2024 मध्ये एमपीएससीची आणि बँकभरतीची आयबीपीएसची परीक्षा एकाच दिवशी, 25 तारखेला आली. पोरं शास्त्री रस्त्यावर बसली आणि दोन-तीन दिवसांत, 22 तारखेला, आयोगानं परीक्षा पुढे ढकलली. हेच काम मतानं कसं झालं असतं? परीक्षेची तारीख तळोद्याचा आमदार ठरवत नाही, आयोग ठरवतो, आणि आयोगाला कोणी निवडून देत नाही. बसायला यादीत नावही लागत नाही. जिथं राहतो तिथंच, ज्याला दुखतंय त्यानं, त्याच आठवड्यात बसायचं. वेळ त्यानं दोन्हीकडे मोजला आणि जिथं उत्तर मिळतं तिथं घातला. याला मी हिशेब म्हणतो.

बरं, जी पेटी घराजवळची, ती तरी कुठे होती? तुमच्या जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासक. महाविद्यालयातल्या थेट निवडणुका तर तुमच्या पिढीनंतर बंदच झाल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात पुन्हा आल्या, 2019 ला घ्यायचं ठरलं आणि राहिल्या. मत देण्याची सवय लागायच्या वयात यांना मोर्चाचीच लागली.

रांगेवरून मात्र फार काही ठरवू नका. निवडणूक आयोग वयोगटानुसार मतदानाचे आकडे देत नाही. जे कळतं ते लोकनीतीसारख्या अभ्यास करणाऱ्या संस्थांच्या पाहण्यांतून, आणि त्यांतही 2014 साली तरुण सरासरीच्या थोडे पुढेच होते.

तुमचं एक म्हणणं मला मान्य आहे. धरणं एखादी तारीख हलवतं, एखादा निर्णय थांबवतं. जागा किती भरायच्या, नंदुरबारच्या पोराला शिकायला पुण्यालाच का जावं लागतं, हे ठरतं विधानसभेत, अर्थसंकल्पात. तिथं मोर्चा तीन दिवसांत विसरला जातो, आणि ज्यांची मतं पडतात त्यांच्याच तालुक्याची कामं निघतात. म्हणून तळोद्याच्या पोराची मी वकिली करीन. अमळनेरातच राहतो, नाव यादीत आहे, सुट्टी मिळाली आणि तरी गेला नाही, त्याची करणार नाही. त्याला तुम्ही खुशाल बोला.